'तरी' आणि 'म्हणून' : गीताईच्या आधारे संक्षेपातील दुव्यांचा विचार

युक्तिवादाचा संक्षेप करताना प्रथम काय गळते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा लेखनकौशल्याच्या पातळीवरच विचारला जातो. सारांशलेखनाच्या प्रश्नात मूळ उताऱ्याचा एक तृतीयांश भाग राखावा अशी अपेक्षा असते, आणि विद्यार्थी शब्द मोजू लागतो. मोजताना त्याला जे शब्द निरुपद्रवी वाटतात त्यांत 'कारण', 'तरी', 'तथापि', 'म्हणून' हे अग्रभागी असतात, कारण त्यांना स्वतःचा असा आशय दिसत नाही. नामे व क्रियापदे विषय सांगतात. ही अव्यये केवळ जोडतात, अशी त्यामागील समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की युक्तिवादाच्या बाबतीत ही समजूत उलटी आहे. परंतु सर्वच दुवे सारखे अपरिहार्य आहेत असेही नव्हे. कोणता दुवा गाळता येतो आणि कोणता येत नाही याला मराठीच्या वाक्यरचनेत काही नियम आहे. तो नियम एका निश्चित संहितेवर तपासून पाहावा, एवढाच येथे हेतू आहे.

ही संहिता म्हणजे विनोबांची 'गीताई'. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात वर्ध्यात तिची रचना झाली आणि १९३२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. संक्षेपाच्या अभ्यासासाठी तिच्याइतके सोयीचे उदाहरण मराठीत विरळा. ज्ञानेश्वरीत एका श्लोकासाठी अनेक ओव्या खर्च होतात, तेथे दुवे राखणे अवघड नसते. गीताईने मात्र मूळ अनुष्टुभाइतकीच जागा स्वीकारली आहे : आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२ अक्षरे. संस्कृतपेक्षा विश्लेषणप्रधान असलेल्या भाषेत तेवढ्याच जागेत तोच युक्तिवाद बसवायचा, म्हणजे प्रत्येक श्लोकात काहीतरी सोडावे लागणार. काय सोडले आणि काय राखले, हे अक्षर मोजून दाखवता येते.

अक्षरांची ही टंचाई दुव्यांच्या बाबतीत विशेष जाणवते. संस्कृतातील 'हि' एका अक्षराचा आहे. त्याचे मराठी कार्य करणारा 'कारण' तीन अक्षरांचा. 'तस्मात्' दोन अक्षरांत मावते, 'म्हणूनि'ला तीन लागतात. शिवाय संस्कृतात हेतू सांगण्यासाठी स्वतंत्र शब्दाचीही गरज नसते. न्यायशास्त्रातील अनुमानात हेतू पंचमी विभक्तीत येतो. 'धूमात्' एवढे म्हटले की 'धूर असल्यामुळे' हा अर्थ होतो. पुन्हा 'हि'चा अर्थ प्रत्येक ठिकाणी कारणवाचकच असतो असे नाही. अमरकोशात त्याचे हेतू आणि अवधारण असे दोन अर्थ दिले आहेत, आणि निव्वळ पादपूरणार्थ येणाऱ्या अव्ययांतही त्याची गणना केली आहे. म्हणजे भाषांतरकाराला प्रत्येक 'हि'पाशी थांबून ठरवावे लागते : हे कारण आहे, ठसा आहे, की केवळ छंदाची सोय आहे?

आता प्रत्यक्ष युक्तिवाद पाहू. दुसऱ्या अध्यायातील २५ ते २७ हे तीन श्लोक घेतो. त्यांतील विचार गद्यात पूर्णपणे मांडला तर तो असा होईल : हा आत्मा इंद्रियांना अगोचर, चिंतनाच्या आवाक्याबाहेरचा आणि अविकारी असल्याचे सांगतात, म्हणून त्याला तसा ओळखल्यावर शोक करणे तुला उचित नाही. आणि समजा, तो सदैव जन्मतो व सदैव मरतो असेच तू मानत असलास, तरी शोक करणे तुला उचित नाही. कारण जन्मलेल्याला मृत्यू आणि मेलेल्याला जन्म ठरलेला आहे. म्हणून जे टळणारे नाही त्याविषयी शोक उचित नाही.

येथे निष्कर्ष एकच आहे, पण त्याकडे येणारे मार्ग दोन आहेत आणि त्यांची गृहीतके परस्परविरोधी आहेत. पहिला मार्ग सिद्धान्ताचा, आत्मा अविकारी आहे असे मानणारा. दुसरा मार्ग प्रतिपक्षाचे म्हणणे वादापुरते पत्करून निघतो. शंकराचार्यांनी या दुसऱ्या श्लोकाच्या भाष्यात हेच नोंदवले आहे की आत्म्याचे अनित्यत्व येथे अभ्युपगमाने, म्हणजे वादापुरते मान्य करून, बोलले जात आहे. हा अभ्युपगम संहितेत कशाने सूचित होतो? 'असे तू मानत असलास' ही क्रिया आणि 'तथापि' हे अव्यय, एवढ्याच दोन खुणांनी. बाकी सगळा शब्दसंभार दोन्ही पक्षांच्या तोंडी सारखाच शोभणारा आहे.

या खुणा गाळून कोणी सारांश केला तर तो साधारण पुढीलप्रमाणे होईल : 'आत्मा अव्यक्त, अचिंत्य व अविकारी आहे. आत्मा नित्य जन्मतो व नित्य मरतो. जन्म-मृत्यू अटळ आहेत. शोक करू नये.' यातील प्रत्येक वाक्याला मूळात आधार दाखवता येतो. परीक्षकाने मुद्दे मोजले तर चारही मुद्दे सापडतील. तरीही हा सारांश म्हणजे गीतेचे म्हणणे नव्हे; कोणाचेच म्हणणे नव्हे. त्यात पूर्वपक्ष सिद्धान्ताच्या शेजारी समान अधिकाराने बसला आहे, आणि ग्रंथकार लागोपाठच्या दोन वाक्यांत स्वतःला खोडतो असे दिसते. यापुढची पायरी समीक्षेची असते. असा सारांश हाती घेणारा अभ्यासक 'गीतेतील आत्मविचारात अंतर्विरोध आहे' असे विधान करू शकतो, आणि त्याच्या विधानाला आधार म्हणून हीच दोन वाक्ये पुढे करू शकतो. जो अंतर्विरोध संक्षेपकर्त्याने निर्माण केला, त्याचा दोष ग्रंथकाराच्या माथी बसतो.

येथे जागेची सबब खरी नाही, हेही दाखवले पाहिजे. वरील सारांश १८ शब्दांचा आहे. आता हा दुसरा पाहा : 'आत्मा अविकारी आहे, म्हणून शोक नको, तो जन्मतो-मरतो असे मानले, तरी जन्म-मृत्यू अटळ म्हणून शोक नकोच.' हे १६ शब्द आहेत. दुव्यांसाठी लागलेली जागा 'अव्यक्त' व 'अचिंत्य' ही विशेषणे आणि 'नित्य'ची द्विरुक्ती सोडून मिळवली आहे. विशेषणे गेल्याने आत्म्याचे वर्णन तोकडे झाले, हे मान्य. पण वाद उभा राहिला. आणि 'नकोच'मधील 'च' हे एक अक्षर दोन्ही मार्गांचा निष्कर्ष एकच असल्याचे सांगून जाते.

या दुसऱ्या सारांशात काय गाळले आहे तेही लक्षात घ्यावे. 'जरी' नाही, 'कारण'ही नाही. तरी अर्थाची हानी झालेली नाही. येथे मराठीचा तो नियम दिसू लागतो. मराठीत जोडीने येणाऱ्या अव्ययांपैकी पहिले ऐच्छिक असते आणि दुसरे आवश्यक. 'जर तू आलास तर जाऊ' यातील 'जर' आपण बोलताना सहज सोडतो आणि 'तू आलास तर जाऊ' म्हणतो. 'जरी पाऊस पडला तरी तो आला' याचे 'पाऊस पडला तरी तो आला' होते. उलट 'जरी पाऊस पडला, तो आला' हे मराठी कानाला अपुरे वाटते. ते इंग्रजी वाक्याचे कलेवर आहे. इंग्रजीत सवलतीची खूण पहिल्या उपवाक्याच्या आरंभी बसते आणि तेवढ्याने भागते. मराठीत भार सांध्यावर, म्हणजे दुसऱ्या उपवाक्याच्या तोंडाशी असतो. त्यामुळे इंग्रजीतून आलेले सारांशलेखनाचे धडे मराठीला जसेच्या तसे लावले की नको तो दुवा राहतो आणि हवा तो जातो.

आपल्या व्याकरणांतील वर्गवारी या कामी फारशी उपयोगी पडत नाही. दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) रूढ असलेल्या पद्धतीने 'जर-तर' आणि 'जरी-तरी' या दोन्ही जोड्या संकेतबोधकांत पडतात. रचनेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु तर्काच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. 'तर' म्हणजे आधीची गोष्ट पुढच्या गोष्टीला आधार देते. 'तरी' म्हणजे आधीची गोष्ट पुढचीला अडवील असे वाटत होते, पण ती अडवत नाही. एका दीर्घ ईकाराने आधाराचा अडथळा होतो. हस्तलिखितात किंवा मुद्रितात ती वेलांटी निसटली तर अख्खा पक्ष बदलतो.

'कारण' आणि 'म्हणून' यांच्यातही हाच सांध्याचा नियम चालतो. हेतू आधी आणि निष्कर्ष नंतर असेल तर 'म्हणून' हवे. निष्कर्ष आधी आणि हेतू नंतर असेल तर 'कारण' हवे. दोन्ही वेळा खूण दुसऱ्या उपवाक्याच्या आरंभी येते. मात्र या दुव्यांना एक मुभा आहे जी 'तरी'ला नाही. दोन वाक्ये नुसती शेजारी ठेवली तर वाचक त्यांच्यात कार्यकारणभाव स्वतःहून वाचतो. 'पाऊस पडला. ओढा भरला.' येथे कोणी 'म्हणून'ची वाट पाहत नाही. विरोध मात्र केवळ सान्निध्याने उभा राहत नाही. मीमांसकांच्या अर्थापत्तीच्या प्रसिद्ध दृष्टांतात देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तो लठ्ठ आहे. ही दोन विधाने सुटी ठेवली तर ती एका माणसाविषयीच्या दोन नोंदी होतात. 'दिवसा जेवत नसूनही लठ्ठ' म्हटल्यावरच प्रश्न उभा राहतो, आणि तो रात्री जेवत असला पाहिजे ही कल्पना करावी लागते. म्हणून संक्षेपात टंचाई आलीच तर कारणवाचक दुवा आधी सोडावा, सवलतीचा शेवटपर्यंत राखावा.

या निकषावर गीताई कशी उतरते? २६ व्या श्लोकात विनोबांनी 'जरी' घेतलेले नाही, पण 'तरी' राखले आहे, आणि तेही उत्तरार्धाच्या आरंभी, नेमके सांध्यावर. २७ व्या श्लोकात उत्तरार्धाचा आरंभ 'म्हणूनि'ने होतो. मूळातील 'तस्मात्'ही त्याच जागी आहे. आठ अक्षरांच्या त्या चरणातील तीन अक्षरे या एका दुव्यावर खर्च झाली आहेत. छंदाच्या इतक्या काटेकोर हिशेबात हा खर्च भाषांतरकाराने जाणूनबुजून केला, असेच म्हणावे लागते. शिवाय मूळात शोक 'उचित नाही' एवढेच म्हटले असताना विनोबा शोकाला 'व्यर्थ' हे विशेषण लावतात. हे पादपूरण नाही. जे टळत नाही त्याबद्दलचा शोक निष्फळ, म्हणून तो नको, ही मूळात अध्याहृत असलेली पायरी त्या विशेषणाने उघड केली आहे. दुव्याचे काम कधीकधी विशेषणही करते, याचे हे चांगले उदाहरण.

पण याच ठिकाणी एक हानीही झाली आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. २७ व्या श्लोकाच्या आरंभी मूळात 'हि' आहे, आणि तो येथे निःसंशय कारणवाचक आहे. कारण २६ व्या श्लोकात निष्कर्ष आधी सांगून झाला आहे आणि त्याचा हेतू आता यायचा आहे. सांध्याच्या नियमाप्रमाणे येथे 'कारण' हवे होते. गीताईत ते नाही. श्लोकाच्या आत 'म्हणूनि' असल्यामुळे तो श्लोक स्वतःपुरता सुसंगत राहतो. पण त्याचा मागच्या श्लोकाशी असलेला बंध सैल होतो. मूळात जन्म-मृत्यूच्या अटळपणाचा हेतू 'समजा तू असे मानलेस' या अभ्युपगमाच्या छायेत आला आहे. दुवा गेल्यावर तो स्वतंत्र, सर्वकाळी सत्य अशा सुभाषितासारखा उभा राहतो. लोकव्यवहारात हा श्लोक सांत्वनपर वचन म्हणून सुटाच उद्धृत केला जातो. त्याचे सर्व खापर गीताईवर फोडता येणार नाही, कारण संस्कृत श्लोकही तसाच सुटा फिरतो. परंतु संस्कृतातील 'हि' जाणकाराला निदान थांबवतो आणि 'हे कशाचे कारण?' असे विचारायला लावतो. मराठी श्लोक ती अडवणूक करत नाही. वर्ध्याजवळ गोपुरीच्या गीताई मंदिरात गीताई शिळांवर कोरलेली आहे. तेथे चालता चालता मध्येच एखाद्या श्लोकापाशी थांबणाऱ्या वाचकाला मागे वळून पाहायला लावील अशी खूण त्या ठिकाणी नाही.

दुवा नेहमी अव्ययाच्याच रूपात असतो असेही नाही, आणि हे विसरल्याने संक्षेपात दुसऱ्या प्रकारची चूक होते. याच अध्यायातील ६२ व ६३ हे श्लोक सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत म्हटल्या जाणाऱ्या स्थितप्रज्ञलक्षणांचा भाग आहेत. विषयांचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश अशी ही साखळी आहे. मूळात यातील बहुतेक दुवे पंचमी विभक्तीत आहेत. परीक्षोपयोगी टिपणात ते असे उतरू शकतात : 'संग, काम, क्रोध, मोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश.' विभक्ती गेली, स्वल्पविराम आले, आणि साखळीची यादी झाली. यादीत क्रमाला अर्थ नसतो. वाचक तिला षड्रिपूंसारखी दुर्गुणांची मोजदाद समजतो. साखळीत मात्र प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असल्याने, ती कोठे तोडावी हा साधकाचा खरा प्रश्न शिल्लक राहतो. 'विषयचिंतनाने नाश होतो' हा याच्या उलट टोकाचा संक्षेप. त्यात कारणवाचक विभक्ती राखली आहे, पण ती इतक्या दूरच्या दोन टोकांना जोडते की मधली यंत्रणाच दिसत नाही.

विनोबांनी ही साखळी राखताना एकच विभक्ती सर्वत्र वापरली नाही. काही ठिकाणी 'ऊन' प्रत्ययाने उगम दाखवला, काही ठिकाणी तृतीयेने साधन दाखवले. काम आणि क्रोध यांच्यामध्ये मात्र सप्तमी आहे : क्रोध कामातून जन्मत नाही, तो कामातच ठेवलेला आहे. यात छंदाची सोय असू शकेल. तरी अर्थ बदलतो हे खरे. जन्माला वेळ लागतो, मध्ये अवकाश असतो. ठेवलेली वस्तू मात्र आधीपासून तेथेच असते. १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात दिलेल्या व 'स्थितप्रज्ञ-दर्शन' म्हणून प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत विनोबांनी येथील क्रोधाचा अर्थ क्षोभ असा केला आहे. काम उठला की चित्ताची समता ढळलीच, हा त्यामागील विचार सप्तमीशी जुळतो. शेवटच्या कडीत त्यांनी 'म्हणजे' योजले आहे. मूळात बुद्धिनाशामुळे नाश होतो. गीताईत बुद्धिनाश म्हणजेच आत्मनाश. कारणाची जागा समीकरणाने घेतली. हा बदल मान्य करावा की नाही यावर मतभेद होऊ शकतील. पण मतभेद होऊ शकतो, याचाच अर्थ भाषांतरकाराने दुव्याच्या जागी निर्णय घेतला आहे. स्वल्पविराम घालणारा असा निर्णय घेतच नाही, म्हणून त्याच्याशी मतभेदही करता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आपल्या परंपरेतील सूत्रवाङ्मय तर दुवे गाळूनच लिहिले गेले. मग संक्षेपाला दुवे आवश्यक कसे? विनोबांनी स्वतः 'साम्यसूत्रे' ही १०८ संस्कृत सूत्रे रचली. या आक्षेपाचे उत्तर त्या सूत्रांच्या जन्मक्रमातच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर १८ प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि सूत्रे नंतर आली. सामान्यतः सूत्र आधी व भाष्य नंतर असते. येथे सलग, दुव्यांनी भरलेले निरूपण आधीच उपलब्ध होते आणि सूत्रे त्याच्यावरची आठवणीची गाठ आहेत. प्राचीन सूत्रेही अधिकरणांत बांधलेली असतात, आणि पूर्वपक्ष कोणता, सिद्धान्त कोणता, मागच्याशी संगती काय, हे गुरुमुखातून किंवा भाष्यातून मिळते. म्हणजे सूत्रात दुवे नाहीसे होत नाहीत, ते अन्यत्र ठेव म्हणून राहतात. परीक्षेतील सारांशाला, ग्रंथपरीक्षणातील आशयकथनाला किंवा प्रबंधातील पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला अशी ठेव नसते. वाचक बहुधा मूळाकडे जाणार नसतो, म्हणून तर त्याच्यासाठी संक्षेप केलेला असतो.

यावरून संक्षेप तपासण्याची एक साधी रीत सुचते. तयार झालेल्या सारांशातील प्रत्येक दुव्याच्या जागी 'आणि' घालून वाचावे. अर्थ बदलला नाही तर तो दुवा सोडता येईल. बदलला तर तो राहिलाच पाहिजे, जागेसाठी विशेषण किंवा दृष्टांत सोडावा. मग उलट बाजूने, प्रत्येक विधानाला 'हे कोणाचे म्हणणे?' असे विचारावे. लागोपाठच्या दोन विधानांचे उत्तर वेगळे येत असेल आणि त्यांच्यामध्ये 'तरी', 'असूनही' किंवा 'मानले तर' यांपैकी काहीच नसेल, तर तेथे पूर्वपक्ष सिद्धान्तात मिसळला आहे असे समजावे. ग्रंथकाराच्या अंतर्विरोधावर बोट ठेवण्यापूर्वी मूळाच्या त्या ओळीकडे परत जाऊन तेथे एखादे तीन अक्षरांचे अव्यय होते का, हे पाहणे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.